ओढा कोठून सुरू होतो हे कोणी ठरवायचे?

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत उगम पावून आंबिल ओढा उत्तरेकडे शहरातून वाहत जातो आणि मुठा नदीला मिळतो. वर्षातले बरेच महिने त्याच्यात फारसे पाणी नसते. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पावसाने या ओढ्याला पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी घुसले, भिंती कोसळल्या आणि पुणे शहर व परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. मुळा आणि मुठा या नद्या नकाशात कोणालाही सापडतात. त्या रात्री घात झाला तो मात्र मुख्यतः ओढ्या-नाल्यांच्या काठी.

ओढ्या-नाल्यांचे नकाशे आता बहुधा संगणकावर काढले जातात. जमिनीची उंची दिली की पाणी कोठून कोठे जाईल हे संगणक सांगतो आणि निळ्या रेघांचे एक सुरेख जाळे काढून देतो. ते दिसायला इतके नेटके असते, की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. या लेखात मला मांडायचे आहे ते असे, की त्या जाळ्यातील किती रेघा दिसाव्यात हे संगणक ठरवत नाही; एक आकडा निवडून माणूस ठरवतो. तो आकडा जमिनीवरच्या ओढ्यांना विचारून निवडलेला नसेल, तर त्या नकाशाला ओढ्यांचा नकाशा म्हणू नये.

हे नीट समजण्यासाठी रेघा कशा निघतात ते आधी पाहू.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती पुढे सर्वांसाठी खुली झाली. भारताने २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या चित्रांवरूनही आपल्या देशाची अशीच उंचीची माहिती तयार झाली आहे. बुद्धिबळाच्या पटासारखी घरे जमिनीवर आखली आहेत आणि प्रत्येक घरात तेथील उंचीचा एक आकडा लिहिला आहे, अशी कल्पना करा. या माहितीत एका घराची बाजू साधारण ३० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस मीटर असते.

आता पाणी सोडायचे. प्रत्येक घराला आठ शेजारी असतात: चार बाजूंचे व चार कोपऱ्यांचे. ज्या शेजाऱ्याकडे उतार सर्वांत तीव्र, त्याच्याकडे त्या घराचे सगळे पाणी जाते, असे धरायचे. कोपऱ्यातला शेजारी १.४१ पट लांब असतो, म्हणून त्याच्याशी असलेला उंचीचा फरक १.४१ ने भागून मग तुलना करायची. ही साधी रीत ओकॅलहॅन आणि मार्क या दोघांनी १९८४ साली मांडली आणि आजही ती सर्रास वापरात आहे.

एका लहानशा दरीची पंचवीस घरे घेऊ. उंची मीटरमध्ये आहे:

```
९०  ८६  ८२  ८७  ९१
८५  ७९  ७४  ८०  ८६
८२  ७३  ६६  ७२  ८१
७८  ६९  ६०  ७०  ७९
७५  ६६  ५४  ६५  ७६
```

वरच्या डाव्या कोपऱ्यातील ९० घ्या. उजवीकडे ८६ आहे, म्हणजे उतार ४. खाली ८५ आहे, उतार ५. तिरके खाली ७९ आहे. फरक ११, त्याला १.४१ ने भागले की ७.८. म्हणजे पाणी तिरके ७९ कडे जाणार. अशा रीतीने प्रत्येक घराचे पाणी कोठे जाते ते काढा. मग प्रत्येक घरातून, ते स्वतः धरून, एकूण किती घरांचे पाणी जाते ते मोजा. उत्तर असे येईल:

```
१  १   १  १  १
१  २   ४  २  १
१  २   ९  ३  १
१  ३  १५  १  १
१  २  २५  ३  १
```

या आकड्यांना प्रवाहसंचय म्हणतात. तळाच्या मधल्या घरात २५ आले आहेत, म्हणजे सर्व पंचवीस घरांचे पाणी तेथून बाहेर पडते. कागद-पेन्सिल घेऊन हे गणित एकदा स्वतः करून पाहा. अर्धा तास लागेल, पण संगणक काय करतो याविषयी मनात काहीही गूढ उरणार नाही.

आता खरा प्रश्न येतो. या पंचवीस घरांत ओढा कोठे आहे? सगळीकडे पाणी वाहते. पण डोंगराच्या पाठीवरून पातळ थराने घरंगळणाऱ्या पाण्याला कोणी ओढा म्हणत नाही. म्हणून एक मर्यादा ठरवावी लागते. निदान इतक्या घरांचे पाणी जेथे गोळा झाले, तेथून पुढे ओढा समजायचा. या मर्यादेला आपण ‘उंबरठा’ म्हणू. उंबरठा २ ठेवला तर आपल्या दरीत ११ घरे ओढ्याची ठरतात आणि दोन्ही बाजूंनी फाटे फुटतात. तो ३ केला तर ७ घरे उरतात. ४ केला तर फाटे नाहीसे होऊन मधली ४ घरांची एकच सरळ रेघ उरते आणि १० केला तर शेवटची दोनच घरे उरतात. दरी तीच, उंची तीच, पाणीही तेच. बदलला तो फक्त आपण निवडलेला आकडा.

खऱ्या कामात घरे लाखांनी असतात आणि उंबरठा शेकड्यांत किंवा हजारांत असतो. १,००० घरांचा उंबरठा म्हणजे नऊ लाख चौरस मीटर, अर्थात ०.९ चौरस किलोमीटर. याचा अर्थ असा, की एखाद्या घळीच्या वरच्या अंगाला ०.८ चौरस किलोमीटर जमीन असली तरी ती घळ नकाशात येणार नाही. तेवढ्या जमिनीवर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८० हजार घनमीटर, म्हणजे आठ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले काही मुरेल. पण उरलेले त्याच घळीतून येईल. ज्या घळीला नकाशात रेघच नाही, तिच्यावरून रस्ता नेताना मोरी किती रुंद ठेवावी हा प्रश्न कोणाला पडणार?

मग हा आकडा लोक निवडतात कसा? दोन पद्धती फार रूढ आहेत आणि माझा आक्षेप त्या दोहोंवर आहे.

पहिली पद्धत डोळ्यांची. पडद्यावर आकडा कमी-जास्त करत राहायचे आणि जाळे ‘बरे’ दिसू लागले की थांबायचे. पण बरे दिसणे हे नकाशाच्या आकारावर अवलंबून असते. पूर्ण तालुका एका पानावर मावायचा असेल तर दाट रेघा नकोशा वाटतात. म्हणून मोठा आकडा घेतला जातो आणि लहान ओढे गळतात. पान लहान, म्हणून ओढा नाही!

दुसरी पद्धत टक्केवारीची आणि ती अधिक फसवी आहे, कारण ती शास्त्रीय वाटते. नकाशातील सर्वांत मोठा प्रवाहसंचय घ्यायचा आणि त्याच्या एक टक्का हा उंबरठा धरायचा. काही संगणकप्रणाली हा आकडा आपणहून सुचवतात. यात काय बिघडते ते पाहू. समजा, एका ओढ्याचे ३० चौरस किलोमीटरचे खोरे आपण कापून घेतले. एक टक्का म्हणजे ०.३ चौरस किलोमीटर. या उंबरठ्याने ओढ्याचे बरेचसे फाटे दिसतील. आता तोच ओढा ज्या नदीला मिळतो तिचे ३,००० चौरस किलोमीटरचे खोरे घेतले, तर एक टक्का म्हणजे ३० चौरस किलोमीटर. आता मघाचा तो ओढा पुरा नाहीसा झाला. नदीला मिळण्याच्या ठिकाणी जेमतेम एखादे घर निळे उमटेल. जमिनीवर काहीच बदललेले नाही. आपण कात्री कोठे चालवली एवढाच फरक पडला. ओढ्याची सुरुवात त्याच्या वरच्या अंगाच्या जमिनीवर, उतारावर, खडकावर आणि पावसावर ठरते. पन्नास किलोमीटर खाली आपण नकाशा कोठे कापला याची त्याला कशी खबर असणार?

यावर कोणी म्हणेल, की कोणतातरी एक आकडा घ्यावाच लागतो, मग एवढा वाद कशाला? आकडा घ्यावा लागतो हे खरे. पण तो कोठून घ्यायचा हे जमिनीवर लिहिलेले असते. ओढ्यांची उगमस्थाने शोधा आणि तेथे प्रवाहसंचय किती आहे ते वाचा. उंबरठ्याचा अर्थच मुळी ‘ओढा जेथे सुरू होतो तेथील प्रवाहसंचय’ असा आहे. मग तो अन्यत्र शोधण्याचे कारण काय?

उगमस्थान ओळखावे कसे? पावसाळा संपता संपता, गवत अजून हिरवे असताना, ओढ्याच्या काठाने वर चढत जावे. खाली दोन्ही बाजूंना स्पष्ट काठ असतात. तळाशी पाण्याने निवडून ठेवलेले गोटे आणि रेती असते. मोठे गोटे एकीकडे, बारीक रेती दुसरीकडे. काठच्या झाडांची मुळे उघडी पडलेली दिसतात. वर जाता जाता काठ बुटके होत जातात आणि एका ठिकाणी संपतात. त्याच्या वर नुसता खोलगट भाग असतो. त्याच्या तळाला काठ नसतो आणि गवत सलग असते. काठ जेथे सुरू होतात ते ओढ्याचे डोके. तेथे उभे राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. शेतातली नांगराची सरी किंवा गाडीवाटेने पडलेली ओघळ यांना ओढा समजू नये. त्या पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. शंका आली तर जवळच्या शेतकऱ्याला विचारावे. ज्या ओहोळाला गावात नाव आहे, तो एका पावसाने पडलेला नसतो. कोकणातल्या गावांत वहाळ आणि पऱ्ह्या यांतला फरक लोकांना जितका नेमका ठाऊक असतो, तितका तो नकाशावर क्वचितच असतो.

समजा, एका वर्गाने अशी दहा डोकी शोधली आणि त्या ठिकाणांचे प्रवाहसंचय वाचले. आकडे चढत्या क्रमाने असे आले: १६०, २१०, २४०, २६०, ३००, ३४०, ३८०, ४५०, ६२० आणि २,१००. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. यातला शेवटचा आकडा इतरांपेक्षा फारच मोठा आहे. असा आकडा दिसला की लगेच सरासरी काढू नये. त्याचे कारण शोधावे. बहुधा टिपलेला बिंदू शेजारच्या मोठ्या प्रवाहाच्या घरात पडलेला असतो. मोबाईलची जागा पाच-दहा मीटरने चुकू शकते आणि घर तर तीसच मीटरचे आहे. याच्या उलटही घडते. बिंदू ओढ्याच्या घराऐवजी शेजारच्या उताराच्या घरात पडला तर आकडा ३ किंवा ५ असा हास्यास्पद लहान येतो. म्हणून बिंदूभोवतालची नऊही घरे पाहावीत आणि आपला ओढा त्यांपैकी कोणत्या घरातून जातो ते नकाशा समोर ठेवून ठरवावे. आपल्या उदाहरणात २,१०० चा बिंदू चुकीचा निघाला असे धरू. उरलेल्या नऊ आकड्यांतला मधला आकडा ३०० आहे. सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, कारण एखाद्या विचित्र आकड्याने तो फारसा हलत नाही. ३०० घरे म्हणजे २,७०,००० चौरस मीटर, अर्थात २७ हेक्टर. हा झाला आपला उंबरठा.

पण येथे काम निम्मेच झाले. ज्या ओढ्यांवरून आकडा ठरवला त्याच ओढ्यांवर तो तपासणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी सांगून परीक्षा घेण्यासारखे आहे. तपासणीसाठी वेगळे ओढे हवेत. ज्या भागात सर्व ओढे पायी फिरून पाहिले आहेत, असा एक तुकडा त्यासाठी राखून ठेवावा. तेथे दोन गोष्टी मोजायच्या. जमिनीवर असलेल्या ओढ्यांपैकी किती लांबी नकाशात उतरली? आणि नकाशाने काढलेल्या रेघांपैकी किती लांबी जमिनीवर खरोखर आहे? रेघ ओढ्यापासून दोन घरांच्या, म्हणजे ६० मीटरच्या आत असेल तर ती जुळली असे मानावे. याहून अधिक नेमकेपणा ३० मीटरच्या घरांकडून मागण्यात अर्थ नाही.

मघाचेच काल्पनिक उदाहरण पुढे नेऊ. राखून ठेवलेल्या तुकड्यात २० किलोमीटर लांबीचे ओढे आहेत. उंबरठा १०० ठेवला तर त्यांपैकी १९ किलोमीटर सापडले. पण नकाशाने एकूण ३८ किलोमीटर रेघा काढल्या, म्हणजे निम्म्या खोट्या. उंबरठा १,००० ठेवला तर १२ किलोमीटर रेघा निघाल्या आणि त्यांतल्या ११ खऱ्या ठरल्या. पण ९ किलोमीटर ओढे गळाले. उंबरठा ३०० ठेवला तर २० किलोमीटर रेघांपैकी १७ खऱ्या निघाल्या आणि ३ किलोमीटर ओढे राहिले. या तीन ओळी शेजारी शेजारी लिहिल्या की दोन्ही आकडे एकाच वेळी का हवेत ते कळते. फक्त पहिला आकडा सांगणारा माणूस उंबरठा १०० ठेवून ‘पंच्याण्णव टक्के ओढे सापडले’ असे म्हणू शकतो. फक्त दुसरा सांगणारा १,००० ठेवून ‘आमची जवळजवळ प्रत्येक रेघ खरी आहे’ असे म्हणू शकतो. दोघेही खोटे बोलत नाहीत आणि दोघांचेही नकाशे कामाचे नाहीत.

खोट्या रेघा बऱ्याचदा नुसत्या पाहूनही ओळखता येतात. उंबरठा फार लहान असला की सपाट उतारावर कंगव्याच्या दातांसारख्या समांतर रेघा उमटतात. खरे ओढे असे कवायत करत नाहीत. तलावाच्या जागी काढलेल्या रेघा तर हमखास ओळखू येतात. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, त्यामुळे संगणकाला तेथे उतारच सापडत नाही. मग तो कशीतरी वाट काढतो आणि तलावावर सरळसोट रेघा ओढतो. कात्रजसारख्या तलावावर असे काही दिसले तर ते ओढे नव्हेत हे घरबसल्याही कळते.

उरलेल्या ३ किलोमीटरच्या चुका कोठे आहेत हेही पाहायला हवे. त्या डोंगराच्या कड्याजवळ एकवटलेल्या असतील तर त्याचे कारण समजण्याजोगे आहे. उतार तीव्र असेल तर थोडेसे पाणीही जमीन कोरू शकते. म्हणून तेथे ओढा लहान क्षेत्रावरच सुरू होतो. सपाटीवर त्याला अधिक क्षेत्र लागते. माँटगोमेरी आणि डीट्रिच या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी १९८८ साली जमिनीवर ओढ्यांची डोकी शोधून ही गोष्ट दाखवून दिली. आपल्या दख्खनच्या पठारावर कडे आणि सपाटी शेजारी शेजारी असतात. तेव्हा तेथे संपूर्ण नकाशाला एकच उंबरठा लावण्याऐवजी डोंगराळ भागाला एक आणि सपाटीला दुसरा लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. अर्थात दोन्हीकडची डोकी शोधून.

काही चुका मात्र उंबरठा कितीही हलवला तरी जात नाहीत आणि त्या ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे. त्यासाठी पुन्हा आंबिल ओढ्याकडे वळू. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, जुन्या वस्तीकडे येणारा हा ओढा पर्वतीजवळ बांध घालून वळवण्यात आला आणि पश्चिमेकडून मुठेत सोडण्यात आला. माणसाने दिलेली अशी वाट ३० मीटरच्या घरापेक्षा अरुंद असेल तर तिची खोली काठांच्या उंचीत मिसळून जाते. मग संगणकाला ती वाट दिसत नाही आणि जुना खोलगट भाग थोडा जरी शिल्लक असला तरी तो पाणी तिकडे नेऊ शकतो. शहरात आणखी एक अडचण असते. रडार वरून पाहते, म्हणून दाट इमारतींच्या जागी ते छपरांची उंची बरीचशी मोजते. संगणकाच्या दृष्टीने त्या टेकड्याच होतात. रस्त्याच्या भरावाखालची मोरीही त्याला दिसत नाही. भरावाच्या वरच्या अंगाला खड्डा आहे असे समजून तो खड्डा गणिताने भरून काढतो आणि पाणी भलत्याच ठिकाणावरून पलीकडे नेतो. मोरीजवळ रेघ अचानक काटकोनात वळून रस्त्याच्या कडेने धावू लागली तर हेच झाले आहे असे समजावे.

यावर एक उपाय करतात. ओढा जेथून वाहतो हे आपल्याला ठाऊक आहे, ती घरे उंचीच्या माहितीत काही मीटर खाली दाबायची, म्हणजे पाणी त्याच वाटेने जाते. उपाय चांगला आहे. पण त्याचा एक नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. जो ओढा आपणच कोरून दिला, तो ‘संगणकाने अचूक शोधला’ म्हणून यशात मोजायचा नाही. ही फसवणूक नकळत होते आणि वारंवार होते.

राहिला प्रश्न भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांचा. तपासणीसाठी अनेक जण तेच घेतात आणि सुरुवात म्हणून ते उत्तम आहेत. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे ओढे काळ्या रेघेत दाखवण्याची त्यांची पद्धत लक्षात ठेवावी. फक्त निळ्याच रेघा पाहिल्या तर आपल्याकडचे बहुसंख्य ओढे सुटतील. परंतु ५०,००० पट लहान केलेल्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर असतात. तेव्हा नकाशा काढणाऱ्यालाही काही बारीक ओढे सोडूनच द्यावे लागतात, म्हणजे त्यानेही एक उंबरठा लावलेलाच असतो. शिवाय सर्वेक्षणानंतर ओढे बुजवले गेले असतील, वळवले गेले असतील. म्हणून या नकाशात रेघ नाही एवढ्यावरून ‘ओढा नाही’ असा निवाडा देऊ नये. संगणकाने रेघ काढली आहे आणि स्थलदर्शक नकाशात ती नाही, अशी प्रत्येक जागा ‘चूक’ या रकान्यात टाकण्याआधी पाहून यावी. काही ठिकाणी खरोखरच काही सापडणार नाही. काही ठिकाणी मात्र भिंतीखालून गेलेले गटार, बांधकामाचा राडारोडा टाकून भरलेली घळ किंवा दर पावसाळ्यात पाणी शिरणारा तळमजला सापडेल. तेथे चूक संगणकाची नसते. ओढा होता आणि तो बुजवला गेला आहे.

ही तपासणी खर्चिक आहे, सर्वत्र पायी कोण फिरणार, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णपणे खोटा नाही. संपूर्ण जिल्हा कोणी पायी तपासू शकत नाही. पण त्याची गरजही नसते. खडक, उतार आणि पाऊस सारखे असलेल्या प्रत्येक भागात पंधरा-वीस डोकी आणि राखून ठेवलेला एक लहान तुकडा एवढे पुरते. ज्यांचे गाव त्याच खोऱ्यात आहे अशा एका शाळेच्या नववीच्या वर्गाला हे काम दिवाळीच्या सुट्टीआधीच्या चार रविवारांत करता येईल. शिक्षकांनी एक काळजी मात्र घ्यावी: पाणी वाहत असताना किंवा पाऊस पडत असताना मुलांना ओढ्यात उतरवू नये. काठ आणि गोटे पाणी ओसरल्यावरही तेथेच असतात.

माझी मागणी मोठी नाही. नकाशावर जसे प्रमाण लिहितात आणि उत्तर दिशा दाखवतात, तशाच ओढ्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: उंचीची माहिती कोणती व किती मीटरच्या घरांची, उंबरठा किती हेक्टरांचा, तो किती उगमस्थानांवरून ठरवला, आणि तपासणीत किती ओढे गळाले व किती रेघा खोट्या निघाल्या. उंबरठा घरांच्या संख्येत न लिहिता हेक्टरांतच लिहावा, कारण घराचा आकार बदलला की संख्या निरर्थक होते. १० मीटरच्या घरांत तेच २७ हेक्टर म्हणजे ३०० नव्हे, तर २,७०० घरे. या चार ओळी नसलेला नकाशा कोणी समोर ठेवला तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की यातून कोणते ओढे गळाले आहेत. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर त्या नकाशावरून घराची जागा किंवा पुलाची रुंदी ठरवू देऊ नये.